बायनरी सर्च: काउंटर 20 दाखवतो, सर 10 म्हणतात. अर्जंट!

वर्धारोड_थर्डइयर
उद्या सबमिशन आहे, लवकर सांगा. 1000 आकड्यांवर बायनरी सर्च. सर म्हणतात जास्तीत जास्त 10 तुलना, माझा काउंटर 20 दाखवतो. वर प्रूफमध्ये "दर वेळी रेंज अर्धी होते म्हणून सापडतोच" लिहिलं तर भोपळा दिला. काऊन?

बर्डीवाला_जावा
कोड टाक ना भाऊ. `(lo + hi) / 2` लिहिलं असशील तर तिथंच घोळ आहे, यादी फार मोठी असली की बेरीज ओव्हरफ्लो होते. जावाच्या लायब्ररीतसुद्धा हा बग होता, 2006 मध्ये बोभाटा झाला.

वर्धारोड_थर्डइयर
पायथन आहे. शोधायचा आकडा सगळ्यांहून मोठा, यादीत नाहीच.
```
while lo <= hi:
    mid = (lo + hi) // 2
    if a[mid] == x: return mid
    elif a[mid] < x: lo = mid + 1
    else: hi = mid - 1
return -1
```

धरमपेठ_काका
पायथनचे पूर्णांक ओव्हरफ्लो होत नाहीत, तो विषय सोडा. यादी सॉर्ट केलेली आहे ना? मग रेंज अशी घटते: 1000, 500, 250, 125, 62, 31, 15, 7, 3, 1. दहा फेऱ्या. प्रत्येक फेरीत तू `==` आणि `<` असं दोनदा विचारतोस, म्हणून 20. सर फेरी मोजतात.

गणित_सोप्पं
एवढं कशाला? log2(1000) म्हणजे 9.97, वरचा पूर्णांक 10. झालं.

धरमपेठ_काका
8 आकडे घेऊन बघा. तुमच्या हिशेबानं 3. पण 8, 4, 2, 1 अशा चार फेऱ्या लागतात, कारण एकच आकडा उरला तरी तो बघावाच लागतो. खालचा पूर्णांक घेऊन त्यात 1 मिळवायचा. 1000 हा 2 चा घात नाही, म्हणून तिथं दोन्ही उत्तरं जुळली.

सुटेभाग_कामठीरोड
आमच्या दुकानातली यादी सॉर्टच नाही, रोज नवा माल येतो. तिथं चालेल का हे?

बर्डीवाला_जावा
नाही चालणार. वेगळा धागा काढा राजेहो.

धरमपेठ_काका
आता प्रूफ. अर्धं होणं फक्त वेग सांगतं. `<` चं `>` करून चालव: रेंज तशीच अर्धी होईल, दहाच्या वर फेऱ्या जाणार नाहीत, पण यादीत असलेल्या आकड्यालाही बहुतेक वेळा -1 येईल. म्हणून आधी हे वाक्य धर: x यादीत असेल तर तो lo ते hi मध्येच आहे. सुरुवातीला अख्खी यादी, म्हणजे खरंच. `a[mid] < x` निघालं तर यादी चढती असल्यामुळे mid आणि त्याच्या डावीकडचे सगळे x पेक्षा लहान. ते टाकले तरी वाक्य टिकतं. उजवीकडेही तसंच. mid दर फेरीला बाहेर पडतो, म्हणून लूप कधीतरी थांबतोच. lo हा hi च्या पुढे गेला की मधे काहीच उरत नाही, म्हणजे x नाही.

गणित_सोप्पं
`==` ची तपासणी लूपबाहेर शेवटी एकदाच केली तर 11 तुलनांत भागतं. 20 हा कोडचा दोष आहे.

धरमपेठ_काका
मग लूपच्या अटी बदलतात आणि आकडा लगेच सापडला तरी शेवटपर्यंत जावं लागतं. दोष कसा म्हणता?

वर्धारोड_थर्डइयर
ते ठीक, पण उद्या 10 लिहू का 20?

बर्डीवाला_जावा
मार्क सर देणार आहेत ना बे? 10 लिही.

धरमपेठ_काका
"10 फेऱ्या, फेरीला 2 तुलना" असं लिही.