मदत हवी आहे: अ‍ॅक्सिस मुद्दाम तोडलाय, एडिटर म्हणतो चूक दिसतेय

मधुरा_क
रविवारी शॉर्टफिल्म पाठवायची आहे आणि एडिटर अडून बसलाय. भाऊ-बहीण जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर, नारायण पेठेतलं घर विकण्यावरून बोलणं चाललंय. भाऊ म्हणतो, "मी सही करून आलोय." तिथे मी मुद्दाम 180 मोडलंय, तिचा क्लोजअप पलीकडून घेतलाय. एडिटर म्हणतो शॉट उलटा करू. त्याला कसं पटवू?

शटरबाबा
180 मोडू नये. 25 फ्रेम्सला शटर 1/50 च ठेवा. आपल्याकडे ट्यूबलाइटही त्यामुळे फडफडत नाही.

मधुरा_क
काका, ते शटरचं. मी दोघांमधल्या रेषेच्या कुठल्या बाजूला कॅमेरा ठेवला ते विचारतेय.

शटरबाबा
बरं. तरी शटर बघून घ्या.

नवखा_एडिटर
उलटा करायला काय हरकत आहे? नजर बरोबर दिशेला येते, एका क्लिकचं काम.

मधुरा_क
तिने साडी नेसलीय, पदर उजव्या खांद्यावर जाईल. मागे भिंतीवर मराठी कॅलेंडर आहे!

जुना_संकलक
पटवायचं नंतर. आधी सांगा, त्या क्लोजअपच्या आधी काय आहे आणि नंतर काय?

मधुरा_क
आधी सगळं स्वयंपाकघराच्या बाजूने. भाऊ डावीकडे, बहीण उजवीकडे. मग गॅलरीच्या बाजूने तिचा क्लोजअप. मग परत भावाचा क्लोजअप, तो आधीच्याच बाजूने.

जुना_संकलक
मग एडिटर बरोबर आहे. भाऊ उजवीकडे बघतोय, आणि पलीकडून घेतल्यामुळे बहीणही उजवीकडेच बघतेय. दोघं एकमेकांशी बोलताना दिसतच नाहीत, तिसऱ्याच कुणाकडे बघताहेत असं वाटतं. त्यात घट्ट क्लोजअप, मागचं धूसर. प्रेक्षकाला जागा बदललेली कळायला टेबल, खिडकी, दुसऱ्याचा खांदा, काहीतरी दिसावं लागतं. त्याशिवाय त्याला फक्त नजर चुकलेली दिसते.

नवखा_एडिटर
मध्ये चहाच्या कपाचा इन्सर्ट टाका. उडी लपते.

जुना_संकलक
ती एक उडी लपेल. पण लगेच भाऊ जुन्या बाजूने आला की पुन्हा तोच घोळ. शिवाय यांना लपवायचंच नाहीये, दिसायला हवंय.

लग्नशूट_हडपसर
आमच्याकडे अंतरपाटाला हे दर वेळी. दोन कॅमेरे समोरासमोर लावले आणि लाइव्ह स्क्रीनवर कट मारला की नवरा-नवरी जागा बदलतात. मुलीचे काका विचारतात, नवरा इकडे कधी आला? म्हणून आता दोन्ही कॅमेरे एकाच बाजूला. मंगलाष्टकात प्रयोग नकोत.

मधुरा_क
इथे मंगलाष्टकं नाहीत हो, भांडण आहे. गॅलरीकडून एक वाइडही आहे, ग्रिलमधून, पूर्ण सीनचा. थोडा जळालाय, म्हणून वापरला नाही.

जुना_संकलक
अहो, हे आधी सांगायचंत! रेषा त्या वाइडवरच तोडा. इतका वेळ डावीकडे बसलेला भाऊ एकदम उजवीकडे दिसेल. धक्का बसेल, पण कोण कुठे आहे हेही त्याच शॉटमध्ये कळेल. मग तिचा क्लोजअप आपोआप बसतो, कारण वाइडमध्ये ती डावीकडे आहे आणि उजवीकडे बघतेय. 'द शायनिंग' (1980) मधल्या लाल बाथरूमचा सीन बघा. तिथे दोघं दिसताहेत अशाच शॉटवरून पलीकडच्या तशाच शॉटवर कट आहे.

आणि एकदा पलीकडे गेलात की परत येऊ नका. भावाचा तो शेवटचा क्लोजअप काढून टाका, त्याची उरलेली वाक्यं तिच्या चेहऱ्यावर ऐकू द्या. कटही वाक्याच्या मध्ये नको, "आलोय" पूर्ण झाल्यावर. नव्या जागा शोधताना प्रेक्षकाचं कान देणं सुटतं, सहीचंच वाक्य हरवेल.

चौकट
मला हे पटत नाही. बाजू बदलली भावाने, घर हातचं गेलंय त्याच्यामुळे. कट त्याच्यावर हवा. बहिणीवर तोडलंत तर तीच फिरली असं वाटेल.

जुना_संकलक
जग तिचं उलटलंय ना? म्हणून तिच्यावर. पण भावाचा पलीकडून क्लोजअप असता तर मीही लावून बघितला असता.

मधुरा_क
तो घेतलाच नाही, उजेड गेला होता. वाइड लावून बघितला आत्ता. बसतोय! पण वाइडमध्ये भावाच्या हातात कप आहे आणि आधीच्या शॉटमध्ये कप टेबलावर. सोडून देऊ?

नवखा_एडिटर
म्हणूनच म्हटलं, कपाचा इन्सर्ट टाका. 😄

जुना_संकलक
नको. वाइड थोडा मोठा करून कप चौकटीबाहेर जातो का बघा, फक्त टेबल कापू नका. नाहीच जमलं तर सोडा. मग ज्याने सीन बघितलेला नाही अशा एखाद्याला आवाज बंद करून दाखवा. "ही कुणाशी बोलतेय?" असं विचारलं तर फसलं. "आता काहीतरी बिनसलं" म्हणाला तर एडिटरला बोलवा.

लग्नशूट_हडपसर
जळालेल्या वाइडची रॉ फाइल असेल तर हायलाइट्स खाली ओढून बघा. लॉनवरच्या दुपारच्या लग्नांत माझं तेच चालतं.

मधुरा_क
रॉ नाहीये. आईला दाखवलं, आवाज बंद करून. म्हणाली, "याने काय केलं आता?" एडिटर मात्र अजून कपावरच अडलाय.