मदत हवी आहे: तहिल्लीमच्या मराठी भाषांतरात देवाची नावं एकसारखी कशी ठेवायची?

टेंभीनाका_ठाणे

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. माझ्या आजोबांनी तहिल्लीमची, म्हणजे हिब्रू बायबलमधल्या स्तोत्रसंग्रहाची, १५० च्या १५० स्तोत्रं हिब्रूवरून मराठीत उतरवून ठेवली होती, तीन जाड वह्यांत. मावशी, चुलतभाऊ आणि मी ती टाइप करतोय. घरापुरत्या प्रती छापायच्या आहेत.

अडचण नावांची. हिब्रूत योद-हे-वाव-हे हे चार अक्षरी नाव उच्चारत नाहीत, त्या जागी 'अदोनाय', म्हणजे प्रभू, असं वाचतात. आजोबांनी तसंच लिहिलं. पण मुळात जिथे खरोखरच अदोनाय हा शब्द आहे तिथेही वहीत 'अदोनाय'च आहे. आता ते वेगळे ओळखायचे कसे?

त्यात आम्ही तिघांनी तीन वाटा धरल्या. मावशीने सगळीकडे 'परमेश्वर' केलं, भावाने 'प्रभू', मी 'देव'. एकसारखं व्हावं म्हणून गेल्या आठवड्यात मी माझ्या फाइलीत 'देव'च्या जागी 'परमेश्वर' असं एका झटक्यात बदलून टाकलं. 'देवाने'चं 'परमेश्वराने' नीट झालं म्हणून खूश होते. मग 'परमेश्वरदूत' दिसला, 'देवळात'चं 'परमेश्वरळात' झालेलं दिसलं, आणि मी 'देऊन' ऐवजी 'देवून' लिहिलं होतं तिथे 'परमेश्वरून'!

अजून एक. १४ वं आणि ५३ वं स्तोत्र जवळजवळ शब्दशः एकच आहे, पण वहीत एकात 'अदोनाय' आणि दुसऱ्यात त्याच जागी 'एलोहीम', म्हणजे देव. आजोबांची नजरचूक समजून मी दोन्ही सारखी केली. बरोबर केलं ना?

ऐरोलीकर

सोपं आहे. एका हिब्रू शब्दाला एकच मराठी शब्द. तक्ता करा, भिंतीला चिकटवा, त्यापलीकडे जायचं नाही. मी कंपनीची माहितीपत्रकं भाषांतरित करतो, तिथे हेच चालतं.

जुनी_वही

ताई, १४ आणि ५३ आधी परत होती तशी करा. आजोबांची चूक नाही, मूळ हिब्रूच तसं आहे. १४ मध्ये चार अक्षरी नाव ४ वेळा आणि एलोहीम ३ वेळा येतं. ५३ मध्ये सातही वेळा एलोहीम. ४२ ते ८३ या स्तोत्रांत एकूणच एलोहीमवर भर आहे. संकलन करणाऱ्यांनी तिथे नाव बदललं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. तुम्ही दोन्ही सारखी केलीत तर वाचणाऱ्याला हा फरक कधी कळणारच नाही.

पडताळायला ४० आणि ७० घ्या. ४० च्या शेवटच्या पाच ओळी म्हणजे जवळजवळ ७० वं स्तोत्रच. ४० मध्ये 'मला सोडवायला' ही हाक चार अक्षरी नावाने आहे, ७० मध्ये ती एलोहीमला. आणि अगदी शेवटी, 'उशीर करू नकोस' म्हणताना, उलट होतं: ४० मध्ये 'माझ्या देवा', ७० मध्ये चार अक्षरी नाव. भाषांतरात ही अदलाबदल जशीच्या तशी दिसली तर काम नीट चाललंय समजा.

अदोनाय ओळखायला मात्र हिब्रू पानच उघडावं लागेल. ९० व्या स्तोत्राची सुरुवात पाहा, तिथे अलेफ-दालेत-नून-योद अशी अक्षरं आहेत, म्हणजे खरा अदोनाय. एक सांभाळा: हिब्रूत बऱ्याच स्तोत्रांचं शीर्षक ही पहिली ओळ धरतात, छापील मराठी बायबलमध्ये धरत नाहीत. त्यामुळे क्रमांक एकाने पुढे-मागे दिसतात.

कोपरखैरणे_सेक्टर

आमच्याकडे हाच पेच, पण गुरबाणीचा. मी नामदेवांचे गुरू ग्रंथ साहिबमधले ६१ शबद मराठीत करतेय. तिथे राम, हरि, गोविंद, बीठल सगळं आहे. 'राम'चं 'परमेश्वर' केलं तर नामदेव हरवतात, तसंच ठेवलं तर मराठी वाचक दशरथाचा राम समजतो. मी नावं तशीच ठेवून प्रस्तावनेत एक पान लिहिलं. तुम्हीही सगळी हिब्रू नावं तशीच ठेवा की.

टेंभीनाका_ठाणे

१४ आणि ५३ पूर्ववत केली. वहीवर पेन्सिलीने खुणाही केल्या होत्या, त्या पुसताना फार वाईट वाटलं.

ऐरोलीकर, तुमचा नियम लावून पाहिला आणि ८२ व्या स्तोत्रात अडले. पहिल्याच ओळीत एलोहीम दोनदा येतो: एकदा उभा राहणारा देव, एकदा ज्यांच्यामध्ये उभा राहून तो न्याय करतो ते. दोन्हींना एकच शब्द कसा?

जुनी_वही

नियम निम्मा खरा आहे. देवाबद्दल असताना एकाला एक, हे पाळाच. पण एलोहीम हे नाव नाही, तो शब्द आहे. तो परक्या देवांसाठीही येतो, आणि ८२ मध्ये ज्यू परंपरेत 'न्यायाधीश' असाही अर्थ लावतात. तिथे अर्थ ठरवून लिहा आणि खाली एक ओळ टीप द्या.

भावाचा 'प्रभू' का अडेल ते ८ व्या स्तोत्रात दिसेल. तिथे चार अक्षरी नावाला लागूनच 'आमचा अदोन' आहे. दोन्हींना प्रभू म्हटलं तर 'हे प्रभू, आमच्या प्रभू' होतं. 'हे परमेश्वरा, आमच्या प्रभू' असं हवं. म्हणून माझा कौल: चार अक्षरी नाव परमेश्वर, एलोहीम देव, अदोनाय प्रभू. ९१ च्या पहिल्या दोन ओळींत तर चार संबोधनं येतात: परात्पर, सर्वसमर्थ, परमेश्वर, माझा देव. तिथे एकही दुसऱ्यात मिसळता कामा नये.

आणि झटक्यात बदल पुन्हा नको. प्रत्येक शब्दामागे विभक्तीसकट आकडा लावा: परमेश्वराने[१], देवाला[२], प्रभूला[३]. हिब्रू पान शेजारी ठेवून आकडा लावायचा, शब्द कोणता ते नंतर पाहायचं. शेवटी [१] शोधलं की परमेश्वर सोडून काही असेल ते लगेच सापडतं. 'प्रभूने'चं 'परमेश्वराने' यंत्राने नीट होणार नाही, ते हातानेच. छपाईआधी आकडे काढून टाका.

एक चाळणी सांगतो. चार अक्षरी नाव विशेषनाम आहे, हिब्रूत त्याला 'माझा', 'त्यांचा' कधी लागत नाही. तुमच्या फाइलीत 'माझा परमेश्वर', 'आमच्या परमेश्वरा' शोधा. जे सापडेल तिथे मुळात बहुधा 'माझा देव' असेल.

खाडीकाठचे_काका

बेटा, मी आजोबांच्या पिढीतला. आपल्या लोकांत 'प्रभू' शब्द जिभेवर येत नाही, तो ख्रिस्ती प्रार्थनेतला वाटतो. आणि 'परमेश्वर' ही पदवी आहे, नाव नव्हे. आजोबांनी 'अदोनाय' लिहिलं ते अजाणता नाही. सिनेगॉगमध्ये जे ओठांवर येतं तेच त्यांना कागदावर हवं होतं. तेच राहू दे.

जुनी_वही

काका, तुमचं म्हणणं मान्य. पण मग ८ व्या आणि ९० व्या स्तोत्रातला फरक डोळ्यांना दिसणार कसा? निदान ठळक अक्षरात तरी वेगळा करावा.

खाडीकाठचे_काका

ठळक चालेल. 'प्रभू' नको.

टेंभीनाका_ठाणे

चाळणी लावली. 'माझा परमेश्वर' आणि 'आमच्या परमेश्वरा' मिळून २३ ठिकाणी सापडलं, सगळं माझ्या त्या एका झटक्याचं. २१ ठिकाणी हिब्रूत एलोहाय किंवा एलोहेनू होतं, तिथे 'देव' परत आणला. उरलेल्या दोन जागी मावशी आणि मी अजून हिब्रू पान धरून बसलोय.

शब्द मात्र ठरला नाही. मावशी काकांच्या बाजूने आहे, भाऊ म्हणतो पुढची पिढी 'अदोनाय'वर अडखळेल. तोवर सगळ्या स्तोत्रांत आधी आकडे लावून घेतेय. आज ३१ पर्यंत झालं.