मीटिंगच्या रेकॉर्डिंगमध्ये नको ते टॅब दिसले, मग ग्रुपवर काय लिहिलंत? (अनुभव धागा)

शहापूरची धाकटी सून
आज सकाळी मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज: "कालची लिंक कृपया कुणी उघडू नका, माफ करा." झालं, निम्म्या ग्रुपनं लगेच उघडली असणार. खोटं कशाला बोलू, मीही उघडली. त्यावरून आमच्या थोरल्या जाऊबाईंचं प्रकरण आठवलं.

अक्का घरी दहावीचे गणिताचे क्लास घेतात. पालकांची मीटिंग झूमवर घेतली. ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी लॅपटॉपवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर अनलिस्टेड टाकली आणि लिंक पालकांच्या ग्रुपवर. पण शेअर केली होती अख्खी स्क्रीन. वरच्या पट्टीत एका दवाखान्याची अपॉइंटमेंट, सोनं तारण कर्जाचं पान, आणखी काय काय. वेळापत्रक उघडताना मध्येच फी बाकीची शीट आली, नावांसकट. अक्का म्हणे, क्षणभरच आली गं. पॉज करणाऱ्याला तेवढं पुरतं की.

रात्री एका पालकांचा फोन आला, "मॅडम, व्हिडिओत वरती काय दिसतंय ते जरा बघून घ्या." मी स्वयंपाकघरात गेले तर गॅसवर आमटी उतू चाललेली आणि अक्का फोनवर निबंध लिहीत होत्या. "दवाखान्याचं दिसलं ते माझ्यासाठी नव्हतं, बहिणीसाठी बघत होते, कर्जाचं म्हणाल तर..." म्हटलं अक्का, थांबा. ज्यांनी बघितलं नाही त्यांनाही तुम्हीच सांगताय.

आधी व्हिडिओ प्रायव्हेट केला. मग ग्रुपवरचा लिंकचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट. आणि मग हे टाकलं:

"नमस्कार. आज पाठवलेल्या मीटिंगच्या व्हिडिओत माझ्या स्क्रीनवरचा खासगी भाग चुकून आला होता. व्हिडिओ बंद केला आहे. कुणी उतरवून घेतला असेल किंवा पुढे पाठवला असेल तर कृपया काढून टाका. वेळापत्रकाचा भाग नीट करून उद्या संध्याकाळपर्यंत देते. माझी चूक झाली, माफ करा."

खाली तेच कन्नडमध्ये, शेजारच्या काकूंकडून लिहून घेतलं, कारण निम्मे पालक कन्नडवाले. फी शीटचा उल्लेख मुद्दाम केला नाही. त्यात नावं होती त्या दोघांना अक्कांनी दुसऱ्या दिवशी वेगवेगळा फोन केला. एक म्हणाले, "मी बघितलंच नाही, सोडा हो." दुसऱ्यांनी ऐकून घेतलं आणि ठेवला. मुलगी क्लासला येते अजून, पण ते आता गेटपाशी थांबत नाहीत.

तुमच्याकडं असं झालं असेल तर मेसेज काय टाकलात ते लिहा. फजितीपेक्षा मेसेज हवाय.

निपाणीकर
ताई, एवढं कशाला? डिलीट फॉर एव्हरीवन मारलं की विषय संपला. दोन दिवसांपर्यंत चालतंय ते.

उद्यमबागचा सुपरवायझर
@निपाणीकर अर्धं बरोबर. दोन दिवसांहून थोडं जास्तच चालतं. पण त्यानं फक्त ग्रुपमधला मेसेज जातो. व्हिडिओ यूट्यूबवर तसाच, ज्यानं लिंक कॉपी केली किंवा पुढे ढकलली त्याच्याकडं उघडणारच. म्हणून आधी प्रायव्हेट. उलटंही खरं आहे. नुसतं प्रायव्हेट केलं तर चॅटमध्ये लिंकखाली जे छोटं चित्र येतं ते तसंच राहतं, आणि नेमकं त्या चित्रातच टॅबची पट्टी असली तर? म्हणून दोन्ही करायचं, अक्कांनी केलं त्याच क्रमानं.

आणि लिंक न देता व्हिडिओची फाईलच व्हॉट्सॲपवर टाकली असेल तर अवघड. ज्यांच्या फोनमध्ये आपोआप उतरते त्यांच्या गॅलरीत मेसेज डिलीट केला तरी राहू शकते. तिथं हात जोडून विनंती, दुसरं काही नाही.

खानापूरहून
आमच्याकडं सकाळपासून लाईट नाही, पाऊस नुसता. नेटवर्कच नाही तर लिंक कोण उघडणार 😄 खानापूर तालुका सगळ्यात सुरक्षित.

टिळकवाडी_मावशी
टॅब गेले तर परत कसे आणायचे हा प्रश्न मलाही आहे. माझे काल सगळे बंद झाले, त्यात बँकेचं पण होतं. माफी कशाला मागायची त्यात?

शहापूरची धाकटी सून
मावशी 🙈 टॅब गेले नाहीत हो, दिसले. नको त्या लोकांना.

टिळकवाडी_मावशी
अगं बाई. मग बरोबर आहे माफी.

हिंडलग्याचा बाप
मी दुसऱ्या बाजूचा आहे. बाकीच्या यादीत माझं नाव होतं. वेगळा क्लास, वेगळे सर. रेकॉर्डिंगमध्ये यादी दिसली, मला पत्ताही नव्हता. दुसऱ्या दिवशी सरांनी ग्रुपवर लिहिलं, "अमुक अमुक पालकांची फी बाकीची माहिती चुकून दिसली, त्यांची मी जाहीर माफी मागतो." माझं नाव घालून! व्हिडिओ बघितलेले असतील चार जण, मेसेज वाचला सगळ्यांनी. मंगळवारी बाजारात एकानं विचारलं, "काय, अडचण आहे काय?" सर मनानं चांगले, वाईट हेतू नव्हता. पण त्या माफीनंच जास्त लागलं. तुमच्या अक्कांनी फोन केला ते बरं केलं. गेटपाशी न थांबणाऱ्याला थोडा वेळ द्या.

शहापूरची धाकटी सून
दादा, हे अक्कांना वाचून दाखवते.

चिकोडीची शिक्षिका
माझं मत जरा वेगळं. फक्त स्वतःचेच टॅब दिसले असतील, दुसऱ्या कुणाचं काही नसेल, तर माफी कशाची? मी साडीचं दुकान उघडून ठेवलं होतं, शेजारी राशिभविष्य. मी गप्प व्हिडिओ बदलला आणि लिहिलं, "आधीच्या व्हिडिओत आवाज नीट नव्हता, हा बघा." कुणी काही विचारलं नाही.

वडगाव विणकर गल्ली
@चिकोडीची शिक्षिका आणि कुणी आधीच बघितलं असतं तर? आवाज तर खणखणीत होता मॅडम असं म्हणाला असता 😂

चिकोडीची शिक्षिका
बघितलं असणारच कुणीतरी. पण साडीवरून कोण भांडतंय.

उद्यमबागचा सुपरवायझर
साडीपुरतं चालेल. पण खोटं कारण दिलं की काढून टाका अशी विनंती करता येत नाही. आवाज खराब असलेला व्हिडिओ कोण शोधून डिलीट करतंय?

नव्यानं आलेला
इन्कॉग्निटोमध्ये उघडायचं ना सगळं. काहीच दिसत नाही.

उद्यमबागचा सुपरवायझर
दिसतं. इन्कॉग्निटोमुळं हिस्टरीत राहत नाही एवढंच. विंडो उघडी असेल आणि अख्खी स्क्रीन शेअर असेल तर टॅबचं नाव तसंच दिसतं, वर काळी विंडो बघून लोक जास्त निरखून बघतात. शेअर करतानाच स्क्रीनऐवजी एक विंडो निवडायची, आणि त्या विंडोत मीटिंगचंच पान ठेवायचं. कारण विंडो निवडली तरी तिच्यातले बाकीचे टॅब वर दिसतातच. F11 दाबलं तर पट्टी लपते, पण काही ब्राउझरमध्ये माऊस वर नेला की परत खाली येते. आणखी एक, पत्त्याच्या जागी एक अक्षर टाइप केलं की खाली जुन्या साइटची यादी उघडते. आमच्या ऑफिसात एकजण त्यातच सापडला. नवीन नोकरी शोधत होता बिचारा, आणि मीटिंग मॅनेजरबरोबर.

वडगाव विणकर गल्ली
मग? मिळाली का नोकरी?

उद्यमबागचा सुपरवायझर
अजून आमच्याकडंच आहे. पगार वाढला 😄

शहापूरची धाकटी सून
नीट करून देते म्हणाल्या अक्का, पण त्यातच अख्खा दिवस गेला. यूट्यूबच्या एडिटरमध्ये फी शीटचा तुकडा कापला आणि वरच्या पट्टीवर ब्लर लावला. लिंक तीच राहते हे बरं. पण सेव्ह केल्यावर तासन्‌तास प्रोसेसिंग, आणि तोवर जुनाच व्हिडिओ दिसतो. प्रायव्हेट होता म्हणून निभावलं. "ब्लर लावलाय" म्हणून लगेच पब्लिक केला असता तर परत तेच.

उद्यमबागचा सुपरवायझर
मूळ फाईल लॅपटॉपवर असेल तर मी ब्लरच्या नादाला लागत नाही, काळी पट्टी मारतो. ffmpeg हा व्हिडिओचा प्रोग्राम असेल तर:

```
ffmpeg -i meeting.mp4 -vf "drawbox=x=0:y=0:w=iw:h=130:color=black:t=fill" -c:a copy clean.mp4
```

130 म्हणजे वरून किती उंची झाकायची. तुमच्या रेकॉर्डिंगप्रमाणं कमीजास्त करा, बुकमार्कची ओळ असेल तर जास्त लागतं. मग व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा पळवून बघा, कारण मध्ये विंडो लहान केली असेल तर पट्टी वेगळ्या जागी जाते आणि टॅब उघडेच राहतात. आवाजाला हा कमांड हात लावत नाही. "अरे हे नको, हे नको" असं बोललेलं राहिलं तर काळ्या पट्टीखाली काय असेल याचाच लोक विचार करतात.

निपाणीकर
एवढं येत असतं तर स्क्रीनच नीट शेअर केली असती की ओ 😭

कंग्राळीचा अण्णा
त्या अक्कांच्या क्लासचा नंबर मिळेल काय? पोरगा नववीत आहे, गणित कच्चं आहे.

शहापूरची धाकटी सून
अण्णा, नंबर इथं नको, मेसेज करते.

बैलहोंगलची लेक
आमचं मात्र अडकलंय, म्हणून विचारते. बचत गटाची मीटिंग, माझ्याच लॅपटॉपवरून. व्हिडिओ ड्राइव्हवर होता, लिंकवाल्या सगळ्यांना उघडत होता. मी परवानगी काढली, मेसेज डिलीट केला, माफीही मागितली, ती पण तुमच्यासारखीच छोटी. आता कळलं एकीनं तो दुसऱ्या गटात टाकलाय. तिथं मी नाही. आता त्या गटातही माफी मागायची का?

चिकोडीची शिक्षिका
नको. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला जाऊ नका.

हिंडलग्याचा बाप
दुसऱ्या कुणाचं काही दिसत होतं का त्यात?

बैलहोंगलची लेक
एका बाईच्या कर्जाच्या हप्त्याचा मेल होता. वरची ओळ वाचता येत होती.

उद्यमबागचा सुपरवायझर
तिनं लिंक टाकली की उतरवून फाईल टाकली, हे आधी विचारा. लिंक असेल तर परवानगी काढल्यापासून तिथंही बंद आहे, दुसऱ्या फोनवरून एकदा उघडून खात्री करा. फाईल असेल तर तिनंच तिथून सगळ्यांसाठी डिलीट करायला हवी, नाहीतर त्या गटाच्या ॲडमिनला सांगून काढायला लावा.

हिंडलग्याचा बाप
आणि त्या बाईला आजच फोन करा. बाहेरून कळायच्या आत.

बैलहोंगलची लेक
फाईल आहे. ॲडमिन तिची सासू आहे 😐

खानापूरहून
लाईट आली. काय काय झालं इथं?