मदत हवी: अशक्य त्रयीच्या उत्तरात हाँगकाँगचं उदाहरण कुठे चुकलं?

अभ्यासू_७१: अशक्य त्रयी सांगते की मोकळं भांडवल, बांधलेला विनिमय दर आणि स्वतः ठरवलेलं व्याज या तिन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत. सराव परीक्षेत मी लिहिलं होतं, 'हाँगकाँगमध्ये भांडवल मोकळेपणाने ये-जा करतं, अमेरिकी डॉलरशी विनिमय दरही बांधलेला आहे आणि तिथलं चलन प्राधिकरण स्वतःचा व्याजदर जाहीर करतं. म्हणजे तिन्ही गोष्टी साधल्या.' तपासणाऱ्यांनी शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि निम्मे गुण कापले. दर जाहीर करतात हे तर खरंच आहे ना?

रेघोट्या: जाहीर करतात, पण ठरवतात का? तिथला आधार दर नेहमीच्या स्थितीत अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या व्याजदराच्या लक्ष्यपट्ट्याच्या खालच्या टोकापेक्षा अर्धा टक्का वर असतो. 2023 च्या जुलैत अमेरिकेचा पट्टा 5.25 ते 5.50 झाला आणि हाँगकाँगचा दर 5.75. त्याआधी 2022 मध्ये हाँगकाँगची अर्थव्यवस्था आकसली होती, तरी दर चढतच गेले. उत्तरात हेच यायला हवं.

सागरतळ: परकीय चलनाचा साठा भरपूर असेल तर अडचण काय? डॉलर विकून विनिमय दर सांभाळायचा आणि व्याज आपल्याला हवं तेवढं ठेवायचं.

रेघोट्या: थोडे दिवस चालतं. समजा हाँगकाँगमध्ये व्याज कमी आहे. लोक तिथे स्वस्तात कर्ज घेऊन अमेरिकी डॉलर घेतात आणि विनिमय दर ठरलेल्या पट्ट्याच्या 7.85 या टोकाला टेकतो. प्राधिकरण हाँगकाँग डॉलर विकत घेतं. त्याबरोबर बँकांच्या प्राधिकरणाकडच्या खात्यांतली शिल्लक घटते, पैसा आटतो आणि बँकांमधलं आपापसातलं व्याज वर जातं. ते अमेरिकी व्याजाच्या जवळ आलं की डॉलर घेण्यात फायदा उरत नाही. तुम्ही म्हणता तसं व्याज खाली ठेवायचं, तर आटलेला पैसा पुन्हा बाजारात सोडावा लागेल. तोच पैसा परत डॉलरच्या मागे धावेल आणि साठा झिजत राहील.

पानगळ: मी चीनवर लिहिलं होतं, तिथे तर तिन्ही आहेत. मला पूर्ण गुण मिळाले!

रेघोट्या: भांडवलावर निर्बंध आहेत असं लिहिलं असेल, म्हणून मिळाले. निर्बंध गळतात तेव्हा काय होतं तेही दिसलं: 2014 मध्ये चीनचा साठा सुमारे 4 लाख कोटी डॉलर होता, 2017 च्या सुरुवातीला सुमारे 3 लाख कोटी.

अभ्यासू_७१: मग ब्रिटन 1992 जोडू का?

रेघोट्या: जरूर. जर्मनीत एकीकरणानंतर व्याज चढं होतं, ब्रिटनला मंदीत ते खाली हवं होतं. 16 सप्टेंबरला एकाच दिवशी व्याजदर 10 टक्क्यांवरून 12 केला, 15 करण्याची घोषणाही केली. पौंड तरी 2.778 जर्मन मार्कच्या ठरलेल्या तळाशीच अडकून राहिला. संध्याकाळी ब्रिटन युरोपच्या विनिमय दर व्यवस्थेतून बाहेर पडलं, काही दिवसांतच व्याज उतरवलं. हाँगकाँगने व्याज सोडलं, ब्रिटनने विनिमय दर सोडला. दोन्ही शेजारी मांडा.

सागरतळ: तिन्ही गोष्टी अर्ध्या-अर्ध्या घेता येत नाहीत, असं मात्र मला अजून पटलेलं नाही.

रेघोट्या: येतात, बरेच देश तसंच करतात. किती काळ टिकतं यावर अभ्यासकांचंही एकमत नाही.

अभ्यासू_७१: वाक्य बदललं: 'प्राधिकरण दर जाहीर करते, मात्र त्याची पातळी अमेरिकेत ठरते.' एवढं पुरेल, की शिल्लक आटण्याचा टप्पाही लिहू?