मदत हवी आहे: हातातून ठरलेली अँजिओप्लास्टी जांघेतून झाली, आता तिथे गाठ लागतेय

वारणाकाठची
नमस्कार मंडळी. जरा काळजीत आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

बाबा ६७ वर्षांचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. सोमवारी त्यांची अँजिओग्राफी उजव्या मनगटातून करायची ठरली होती. भुलीची सुई मुंगळा चावल्यासारखी लागली, पुढे काही कळलं नाही, असं ते सांगतात. पण नळी कोपराच्या वर जायला लागली तेव्हा हात आतून कुणी पिळून काढतंय असं त्यांना वाटलं. डॉक्टर थांबले, नळीतून औषध सोडलं, दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न केला. नळी पुढेही जाईना आणि मागेही सहज येईना. शेवटी ती हळूहळू काढली आणि उजव्या जांघेतून तपासणी केली. तिथूनच एक स्टेंटही बसवला.

नंतरचा त्रास बाबांना जास्त झाला. जांघेतली नळी काही तासांनी काढली. त्या वेळी ब्रदरने वीस मिनिटं दोन्ही हातांनी दाबून धरलं. तेवढ्यात बाबांना दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. लगेच इंजेक्शन आणि सलाइन दिलं, मग सावरले. पुढे सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं होतं, त्यात कंबर भरून आली.

बुधवारी घरी आलो. आमच्याकडे खाली बसायचा संडास आहे. गुरुवारी सकाळी तिथून उठताना त्यांच्या जांघेत कळ आली. आज शनिवार. काळंनिळं मांडीच्या आतल्या बाजूने जवळजवळ गुडघ्यापर्यंत उतरलंय आणि टोचलं होतं तिथे लहान लिंबाएवढी गाठ हाताला लागते. ताप नाही, ड्रेसिंग कोरडं आहे. हे नेहमीचंच आहे का? आणि हातातून जमलं नाही, म्हणजे काही चुकलं का? सोमवारी तपासणीची तारीख आहे, तोवर थांबू का?

दत्ता_सातारकर
ताई, हातातूनच व्हायला हवी होती. जांघेतून करायची पद्धत जुनी झाली, त्यात रक्तस्राव जास्त होतो. माझ्या मेहुण्यांची मनगटातून झाली, दोन तासांत स्वतः चालत बाथरूमला गेले. हे निळं पडणं रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे आहे. दोन दिवस गोळ्या बंद ठेवा आणि गाठीला गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्या, जिरून जाईल.

सिस्टर_सुनीता
ताई, मी चौदा वर्षं कॅथलॅबमध्ये आहे. आधी हे वाचा: गोळ्या बंद करू नका, शेक देऊ नका. स्टेंट बसून आठवडाही झालेला नाही. अशा वेळी ॲस्पिरिन आणि तिच्यासोबतची दुसरी गोळी थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन मोठा झटका येऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक डोसही चुकवू नका. आणि शेक दिला तर रक्तस्राव वाढतो.

दत्ताभाऊ, मनगटातून रक्तस्राव कमी होतो हे तुमचं बरोबर आहे. तिथली रक्तवाहिनी कातडीच्या लगेच खाली असते आणि तिच्यामागे हाड असतं, त्यामुळे नुसत्या पट्ट्याने दाबली जाते. म्हणून आम्हीही पहिला प्रयत्न मनगटातूनच करतो. पण ती वाहिनी जेमतेम अडीच मिलिमीटरची असते आणि आपण घालतो ती नळीही बाहेरून जवळजवळ तेवढीच. तिची भिंत स्नायूंची असल्यामुळे दुखलं किंवा माणूस घाबरला की ती आवळते आणि नळी गच्च पकडते. बाबांना हात पिळल्यासारखं वाटलं ते यामुळेच. अशा वेळी जबरदस्तीने ओढलं तर वाहिनी फाटू शकते. औषध देऊन, वाट बघून, नळी काढून जांघेतून जाणं ही चूक नव्हे. जांघेतली वाहिनी दुपटीहून जास्त रुंद असते, ती अशी आवळत नाही.

आता गाठीचं. मांडीवरून खाली उतरलेल्या निळेपणाची मला तेवढी काळजी नाही. आत साठलेलं रक्त वजनाने खाली सरकतं. दोन-तीन आठवड्यांत ते हिरवट, मग पिवळं होऊन जाईल. काळजी गाठीची आहे. बाबांना उताणं झोपवा. तीन बोटं गाठीवर अलगद टेकवा, दाबू नका. गाठ नुसती टणक लागते, की प्रत्येक ठोक्याला बोटं वर उचलली जातात? नुसती उचलली जातात, की एकमेकांपासून दूरही सारली जातात? आणि पेनाने गाठीच्या कडेने रेघ मारून ठेवा. बघून लगेच लिहा.

कोकणातला_मास्तर
जांघेत गाठ म्हणजे हर्निया तर नाही ना? माझी अशीच गाठ खोकलं की वर यायची. तुमचे बाबा खोकल्यावर ती मोठी होते का ते बघा.

सिस्टर_सुनीता
मास्तर, यांना गाठ स्टेंटनंतर आणि टोचलेल्या जागीच आली आहे. आत्ता हर्नियाकडे वळलो तर वेळ जाईल. पण खोकल्याचा मुद्दा उपयोगी आहे. बाबांना खोकला किंवा शिंक आली तर आधी जांघेवर तळहात दाबून धरायला सांगा.

वारणाकाठची
सिस्टर, बघितलं. ठोके लागतात. मला आधी माझ्याच बोटातले वाटले, म्हणून आईलाही हात लावायला सांगितला. ती म्हणते, आत काहीतरी धडधडतंय आणि बोटं बाजूला होतात. आता हात थरथरतायत माझे.

सिस्टर_सुनीता
घाबरू नका, पण सोमवारपर्यंत थांबायचं नाही. आजच जा. जिथे स्टेंट केला तिथेच फोन करून सांगा, "जांघेतल्या पंक्चरच्या जागी ठोके देणारी गाठ आहे, डॉपलर करायचा आहे." डॉपलर म्हणजे वाहिनीतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. या शब्दांत सांगितलं की फोन घेणाऱ्याला लगेच समजतं.

मला वाटतं, वाहिनीचं भोक पूर्ण बुजलेलं नाही. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त बाहेर येऊन मांसात एक कप्पा तयार झालाय. आम्ही याला नुसतं स्यूडो म्हणतो. उकिडवं बसून उठताना जांघ दुमडते, तेव्हा भोकावरची खपली सुटली असू शकते. घरी सोडताना खाली बसू नका हे सांगायला हवं होतं. आमच्या गावांकडच्या घरांत हाच प्रश्न येतो आणि तो नेमका सांगायचा राहून जातो. कधी सुई मुळात जरा खाली टोचली गेलेली असते, मग दाबताना मागे हाड मिळत नाही आणि भोक नीट बुजत नाही. यांच्याबाबत काय झालं ते मला इथून सांगता येणार नाही.

जाताना बाबांना गाडीच्या मागच्या सीटवर पाय लांब करून बसवा. वाटेत गाठ अचानक फुगली किंवा रक्त आलं तर उताणं झोपवून हाताने घट्ट दाबायचं आणि १०८ ला फोन करायचा. कातडीवर भोक दिसतं त्याच्या साधारण दोन बोटं वर, बेंबीच्या दिशेला दाबा, कारण सुई तिरकी जाते आणि वाहिनीतलं खरं भोक तिथे असतं. दर मिनिटाला उचलून बघू नका. आणि बाहेर काहीच दिसत नसलं तरी पाठीत किंवा ओटीपोटात जोरात दुखून घाम आणि चक्कर आली, तर रक्त आत मागच्या बाजूला जात असू शकतं. तीही तितकीच घाईची गोष्ट आहे.

दत्ता_सातारकर
गोळ्या बंद करायचं मी ऐकीव सांगितलं होतं, मागे घेतो. माफ करा ताई. पोहोचलात की कळवा.

पाटीबाई
याच विषयात माझं विचारू का? मी शाळेत शिकवते. आठ महिन्यांपूर्वी मनगटातून फक्त अँजिओग्राफी झाली, स्टेंट लागला नाही. घरी आल्यावर तीन दिवस दुचाकी चालवायची नाही आणि भरलेली कळशी उचलायची नाही, एवढं सांगितलं होतं, ते पाळलं. पण आता त्या मनगटात नाडी लागत नाही. बोटं उबदार आहेत, फळ्यावर लिहिताना त्रास नाही.

सिस्टर_सुनीता
पाटीबाई, वाहिनी बंद झाली असण्याची शक्यता आहे. पट्टा फार घट्ट आणि फार वेळ बांधला की असं होतं. म्हणून आम्ही पट्ट्यातली हवा थोडी थोडी कमी करतो आणि रक्त गळणार नाही पण नाडी लागत राहील, इतकंच दाबतो. हाताला करंगळीच्या बाजूनेही दुसरी वाहिनी असते, तिच्यावर पंजाचं भागतं, म्हणून तुम्हाला त्रास नाही. उलट कधी कधी पंजाकडून रक्त उलटं येतं आणि बंद वाहिनीवरही नाडी लागल्यासारखी वाटते. त्यामुळे बोटांपेक्षा डॉपलरने नक्की कळतं. आठ महिन्यांनी उघडायचा खटाटोप सहसा करत नाहीत. पण पुढे त्या हातातून तपासणी करायची किंवा बायपाससाठी तिथली वाहिनी घ्यायची वेळ आली, तर हे आधी सांगा.

पाटीबाई
मला किडनीचाही थोडा त्रास आहे, क्रिएटिनिन वाढलेलं असतं. त्याचा याच्याशी संबंध येतो का?

सिस्टर_सुनीता
येतो. पुढे डायलिसिसची वेळ आली तर त्यासाठी धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात, आणि तो हातातच करतात. तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना हे जरूर सांगा, आणि दुसऱ्या हाताच्या मनगटात त्यांना विचारल्याशिवाय टोचू देऊ नका.

वारणाकाठची
रात्री ११ वाजता घरी आलो. डॉपलर झाला. स्यूडोच आहे, पण लहान, दीड सेंटिमीटरचा, आणि जोडणारी मान बारीक आहे. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही करायचं नाही, गोळ्या चालू ठेवा, शुक्रवारी पुन्हा डॉपलर करू. वाढला तर सोनोग्राफीत बघून कप्प्यात थ्रॉम्बिनचं इंजेक्शन देतात म्हणे, त्याने आतलं रक्त गोठतं. येताना मेडिकलमधून कमोडची खुर्ची आणली, ती संडासाच्या भांड्यावर ठेवलीय. पेनाची रेघ त्यांनीही नव्याने मारून दिली.

रानवेल
माझ्या आईचा तीन सेंटिमीटरचा होता, तिला दुसऱ्याच दिवशी इंजेक्शन दिलं आणि तिथेच धडधड थांबली. तुमच्या ठिकाणी मी असते तर आठवडाभर थांबले नसते. दुसऱ्या डॉक्टरांना विचारून बघा.

सिस्टर_सुनीता
रानवेल, आईंचा मोठा होता. दोन सेंटिमीटरच्या आतला बरेचदा आपोआप बुजतो. यांच्या दोन गोळ्या चालू आहेत, त्यामुळे वेळ लागू शकतो आणि नाहीही बुजू शकतो. दुसरं मत घ्यायला हरकत नाही. ताई, रोज सकाळी एकाच वेळी रेघ बघा. गाठ रेघेबाहेर गेली, कातडी ताणून चकचकीत झाली किंवा पाऊल गार पडलं, तर शुक्रवारची वाट बघू नका.

वारणाकाठची
हो सिस्टर. बाबा विचारतायत, दोन पायऱ्या उतरून ओसरीवर बसलं तर चालेल का. दोन दिवस एकाच खोलीत पडून कंटाळलेत.

सिस्टर_सुनीता
धरून, सावकाश, दिवसातून एकदा. निरोगी पाय आधी वर चढवायचा, उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायचा. खुर्ची उंच द्या, पाटावर बसवू नका. शुक्रवारी डॉपलर झाला की इथे लिहा.