काकांची सूचना आणि रात्री ११:४० चे उत्तर

बी-४०३: सर्वांना नमस्कार. परवा आपले सचिव काका यांनी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना टाकली, की भाड्याने दिलेल्या सदनिकांना एकूण बिलाच्या १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी शुल्क लागेल. तिच्याखाली मी ‘हे चुकीचे आहे, आधी नियम वाचा’ असे लिहिले. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण मला संस्कारांविषयी ऐकवतो आहे, आकड्यांविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. माझे म्हणणे बरोबर असेल, तर त्यात उद्धटपणा कोठे आला?

सी-२०४: मुद्दा बरोबर होता की नाही, एवढेच सांगा.

ए-१०१: बाळा, मुद्दा बरोबर होता, पण तो तू लिहिलाच नाहीस. काकांनी दिलेला १० टक्के हा कमाल दर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशातलाच आहे. तो एकूण बिलावर नव्हे, तर फक्त सेवाशुल्कावर लागतो, एवढीच त्यांची चूक झाली. तुझे बिल ४,२०० रुपयांचे आणि त्यातले सेवाशुल्क २,००० रुपये, म्हणजे ४२० ऐवजी २०० रुपये. तू ‘हे चुकीचे’ म्हणालास, आणि त्या ‘हे’मध्ये बरोबर असलेला दरही गेला आणि काकांची सचिवपदाची १२ वर्षेही गेली. ‘नियम वाचा’ हे तर आकड्याविषयी नव्हतेच, ते माणसाविषयी होते.

डी-३०१: आणि त्या संदेशाला ज्यांनी हसण्याची खूण लावली, त्यांची नावे आम्हांला दिसतात, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

बी-१०५: ती खूण माझ्या नातवाने लावली होती. मी वाचनालयात होतो.

डी-३०१: रात्री ११:४५ ला वाचनालय उघडे असते, हे आनंददायक आहे.

सी-२०४: मुद्दा बरोबर होता की नाही, हा प्रश्न अजून शिल्लक आहे.

बी-४०३: मी तो संदेश सकाळी काढून टाकला होता, तरीही लोक बोलतात.

ए-१०१: काढून टाकल्यानेच अधिक बोलतात. तेथे ‘संदेश हटवला’ अशी खूण उरली, आणि काकांनी तुझे वाक्य धरून उत्तर दिले होते, त्यात ते वाक्य अजून जसेच्या तसे दिसते. १५ मिनिटांच्या आत ते दुरुस्त करता आले असते. त्यानंतर मात्र खाली दुसरा संदेश लिहून ‘माझा सूर चुकला, आकडेवारीचा प्रश्न कायम आहे’ असे म्हणणेच बरे. सूर मागे घ्यावा, मुद्दा घेऊ नये.

बी-१०५: माझ्या मते काकांना आधी खासगीत लिहायला हवे होते. वडीलधाऱ्यांची चूक चारचौघांत दाखवू नये.

खजिनदार: एरवी मी सहमत झालो असतो. परंतु बिले १ तारखेला निघणार होती आणि ज्यांनी सदनिका भाड्याने दिल्या आहेत अशा ९ सदस्यांनी ती सूचना वाचली होती. त्यांच्या खिशाचा प्रश्न असताना खासगीत कुजबुज करून भागले नसते. खासगीत आधी कळवावे, दुपारपर्यंत वाट पाहावी आणि मग ग्रुपवर लिहावे. आणि अति सौजन्यही नको. गेल्या वर्षी बी-१०५ यांनी टाकीच्या खर्चाला विरोध केला, तेव्हा ‘कदाचित’, ‘चूक असल्यास क्षमस्व’ आणि ‘आपण जाणतेच आहात’ यांच्या गर्दीत विरोध कोणाला दिसलाच नाही. आम्ही तो पाठिंबा म्हणून नोंदवला.

बी-१०५: ती नोंद आजही माझ्या मनात आहे, एवढेच म्हणतो.

बी-४०३: मग नेमके काय लिहायला हवे होते?

ए-१०१: असे लिहून पाहा. ‘काका, दर १० टक्केच आहे, त्याविषयी शंका नाही. तो एकूण बिलावर धरावा की फक्त सेवाशुल्कावर, एवढे पाहायचे आहे. आदेशाची प्रत सोबत जोडली आहे, त्यात सेवाशुल्क असा उल्लेख आहे. तसे धरल्यास माझ्या बिलात ४२० ऐवजी २०० रुपये येतात. बिले निघण्यापूर्वी आपण एकदा पाहून कळवावे.’ यात तुझे म्हणणे तसूभरही कमी झालेले नाही, आणि दुरुस्ती काकांनीच करायची असल्यामुळे त्यांना माघार घेतल्यासारखे वाटत नाही. तसेच उत्तर येईपर्यंत दुसरा संदेश टाकू नये. त्या रात्री तू ओळीने ४ टाकलेस, आणि चौथ्यात तर पार्किंगही आले.

डी-३०१: पार्किंगचे मला आज कळले.

काका: सर्व संदेश वाचले. आदेशाची प्रत ए-१०१ यांनी आणून दिली. आकारणी केवळ सेवाशुल्कावर होईल, सुधारित सूचना आज लावत आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल बी-४०३ यांचे आभार. रात्री ११:४० ला नियम वाचण्याची माझी दृष्टी आता राहिलेली नाही, त्यामुळे अशा गोष्टी सकाळी कळवाव्यात.

बी-४०३: काका, सूर चुकला, त्याबद्दल दिलगीर आहे. आकड्याबद्दल नाही.

काका: आकड्याबद्दल कोणी मागितलीही नव्हती.

सी-२०४: म्हणजे मुद्दा बरोबर होता.