नुसत्या Hi ला उत्तर कोणत्या भाषेत?

रोपवाटिका, रावेर
केळीच्या टिश्यू रोपांचं दुकान आहे. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर रोज पाच-सात नुसते `Hi` येतात. ना नाव, ना गाव. मी सवयीने `Hello sir, how can I help you?` असं पाठवायचो. फैजपूरकडचं एक गिऱ्हाईक त्यावर गप्पच झालं. आठ दिवसांनी दुकानात येऊन म्हणालं, "भाऊ, तिकडे इंग्रजीवाला बसेल होता का? मी मोबाईल खिशात टाकला." म्हणजे हाय म्हणून त्यांनीच हाय खाल्ली! मग मी मराठीत उत्तर द्यायचं का? आमच्याकडे बुऱ्हाणपूरचे हिंदीवालेही येतात.

चोपडेकर
सोपं आहे. ज्या भाषेत विचारलं त्याच भाषेत सांगावं. समोरच्याचा मान राहतो.

शब्दवेडा, धुळे
मराठीत `Hi` ला ‘सुप्रभात’ हा छान शब्द आहे, तो वापरा.

मराठीची मास्तरीण, अमळनेर
धुळेकर, प्रश्न प्रतिशब्दाचा नाही. आणि सुप्रभात म्हणजे धोतर नेसलेलं गुड मॉर्निंग. दुपारी चारला आलेल्या हायला ते कसं चालेल?

चोपडेकरांचं म्हणणं पूर्ण वाक्याला लागू आहे. `Please share the rate` असं कोणी लिहिलं तर इंग्रजीतच उत्तर द्यावं, तिथे आपली मराठी पुढे करू नये. पण हाय हे वाक्यच नाही. ती दाराची कडी वाजवणं आहे. हॅलो टेलिफोनबरोबर आला आणि आपल्या तोंडी रुळला, फोनवर "हॅलो, कोन बोली ऱ्हायनं?" म्हणणारी आजी इंग्रजी बोलते का? तसाच हा. शिवाय कीबोर्ड इंग्रजी असला की दोन अक्षरांसाठी तो कोण बदलतो?

भाषा कळते ती क्रियापदावरून. `rate kay ahe` ही लिपी रोमन असली तरी मराठीच. `rate kya hai` हिंदी. नुसतं `Rate?` आलं तर अजून काहीच कळलेलं नाही. म्हणून पहिलं उत्तर असं असावं, की त्यावर समोरच्याला एखादं वाक्य लिहावंच लागेल.

रोपवाटिका, रावेर
मग ‘नमस्कार, बोला’ पुरेल? दुकानात आम्ही ‘बोला भाऊ’च म्हणतो.

मराठीची मास्तरीण, अमळनेर
तोंडी ‘बोला’ गोड लागतं, कारण सोबत तुमचा चेहरा असतो. लिहिलेलं नुसतं ‘बोला.’ खिडकीपलीकडच्या कारकुनासारखं वाटतं. ‘भाऊ’ नको, पलीकडे ताई असू शकते. ‘नमस्कार. कोणती रोपं हवीत, किती हवीत?’ एवढंच लिहा. यात बाई-पुरुष ओळखावा लागत नाही. उत्तर हिंदीत आलं तर पुढचं सगळं हिंदीत. मात्र मराठी सुरू झाल्यावर मध्येच `ok thanks` आलं म्हणून लगेच इंग्रजीवर उडी मारू नका. ते शब्द आता आपलेच झालेत.

सुरतेची माहेरवाशीण
माझं सांगते. घरात अहिराणी, शाळा गुजराती. मराठी कळते, पण देवनागरीचा लांबलचक मेसेज आला की वाचायला वेळ लागतो. मी हाय लिहिते ते घाईने, इंग्रजीच्या हौसेने नाही. मला `Namaskar, kiti rope havi?` असं आलं तर जीव भांड्यात पडतो.

चोपडेकर
आणि ज्याला रोमनमधली मराठी वाचता येत नाही, त्याचं काय? माझे वडील `havi` वाचून ‘हवी’ की ‘हावी’ विचारतात.

रोपवाटिका, रावेर
एक गंमत सापडली. बोर्डावरच्या क्यूआरमागची लिंक मुलाने अशी केली होती:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Hi
```

म्हणजे गिऱ्हाईक कोड स्कॅन करतं तेव्हा Hi आधीच लिहिलेलं असतं, ते फक्त पाठवण्याचं बटण दाबतं. एवढे दिवस मी आमच्याच हायवरून लोकांची भाषा ओळखत होतो!

मराठीची मास्तरीण, अमळनेर
तिथे ‘नमस्कार’ टाकलात तरी तो तुमचाच शब्द राहील, त्यांचा नाही. त्यापेक्षा `?text=` पासून पुढचं काढून टाका. मग जे येईल ते त्यांच्या हातचं असेल.

रोपवाटिका, रावेर
काढलं. अजून एक अडचण आहे. बिझनेस ॲपमधला आपोआप जाणारा स्वागताचा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, आणि चौदा दिवस बोलणं झालं नसेल तर जुन्यालाही. तो एकच असतो. वर मराठी, खाली हिंदी असं लिहून पाहिलं, तर एकाने विचारलं, "दोन दुकानं आहेत का?" सध्या त्यात ‘नमस्कार, थोड्या वेळात बोलतो’ एवढंच ठेवलंय, पुढचं हाताने लिहितो. पण लिपीचं ठरलेलं नाही. देवनागरी ठेवू की रोमन?

सुरतेची माहेरवाशीण
रोमन!

चोपडेकर
देवनागरी. वडिलांना विचारून सांगतोय.